कास्टिंगमधलं भोक गॅसचं की श्रिंकेजचं? एका लीक होणाऱ्या कव्हरवरून रायझर आणि गेटिंग कसं दुरुस्त करायचं

अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या एखाद्या ॲल्युमिनियम फाउंड्रीत तुम्ही नवीन लागला असाल तर पहिल्या दोन महिन्यांत हे काम तुमच्याकडे येणारच, मशीन शॉपकडून पीस परत येतात, सोबत चिठ्ठी असते "पोरॉसिटी", आणि सगळे तुमच्याकडे बघतात. माझ्याकडे आलं तेव्हा जुलै होता, इगतपुरीकडून येणारा पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि ४० पीसपैकी ११ पीस लिकेज टेस्टला फेल झाले होते. मी तीन आठवडे चुकीच्या गोष्टीमागे लागलो. तुमचे ते तीन आठवडे वाचावेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पीस काय होता ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा हिशोब याच्यावरच आहे. एका पंपाचं कव्हर, एलएम२५ ॲल्युमिनियम, वाळूच्या मोल्डमध्ये. २०० बाय २०० मिमीची सपाट प्लेट, जाडी १२ मिमी, आणि मधोमध एक गोल बॉस, व्यास ६० आणि प्लेटच्या तळापासून उंची ६० मिमी. वजन साधारण १.६५ किलो. बॉसच्या मधून नंतर बोअर मारायचा आणि तिथूनच पाणी झिरपायचं.

आधी हे जवळ ठेवा

- पीसचं ड्रॉइंग, आणि मशिनिंग कुठं कुठं होतं ते मार्क केलेलं
- सध्याच्या मेथडचा कागद (रायझर, रनर, गेट यांची मापं), कागद नसेल तर सरळ पॅटर्नवरून मोजून घ्या, आमच्याकडे नव्हताच
- बँडसॉ, बारीक पॉलिश पेपर, १० पट मोठं दाखवणारं भिंग
- डाय पेनिट्रंटचे स्प्रे
- इमर्शन थर्मोकपल
- जमलं तर व्हॅक्यूममध्ये सॅम्पल गोठवायचं छोटं यंत्र आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा
- फेल झालेले पीस रायझरसकट. हे सगळ्यात महत्त्वाचं. फेटलिंगवाल्यांना सांगून ठेवा की चार-पाच पीसचे रायझर कापू नका, नाहीतर अर्धा पुरावा भट्टीत परत गेलेला असतो

## १. पीस कापा आणि भोक बघा

कागदावर पोरॉसिटी हा एकच शब्द असतो पण त्यामागे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

पहिला गॅसचा. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन विरघळून बसतो, आणि मेटल गोठताना त्याची तो धरून ठेवायची ताकद एकदम जवळपास विसाव्या भागावर येते. मग तो बाहेर पडतो आणि बुडबुडे करतो. हे बुडबुडे मोकळेपणी फुगलेले असल्यामुळं भोक गोल, आतून गुळगुळीत, बहुतेक वेळा चकचकीत असतं, आणि पीसभर सगळीकडं बारीक टाचणीच्या टोकासारखं पसरलेलं दिसतं. मोल्ड किंवा कोरमधून आलेला गॅस असेल तर भोक मोठं असतं, पण तेही गुळगुळीतच, आणि बहुतेक वरच्या अंगाला किंवा त्या कोरच्या जवळ.

दुसरा श्रिंकेजचा. मेटल द्रवाचं घन होताना आकसतं, एलएम२५ मध्ये घनफळाच्या अंदाजे ५ टक्के धरा. ही जागा कुठून तरी नव्या मेटलनी भरून यायला पाहिजे, नाही आली तर जो भाग सगळ्यात शेवटी गोठतो तिथं पोकळी राहते. इथं कुणी फुगवलेलं नसतं, उलट मेटल निघून गेलेलं असतं, त्यामुळं भोक वेडंवाकडं, खरबरीत, भिंगातून बघितलं तर आत बारीक झाडाच्या फांद्यांसारखे काटे दिसतात. ते गोठलेल्या मेटलचे डेंड्राइट. आणि जागा ठरलेली असते, प्रत्येक पीसमध्ये तिथंच, जाड भागात किंवा जिथं जाड आणि पातळ भाग भेटतात तिथं.

(नवीन माणसाचा एक गोंधळ: पॅटर्नला आपण मीटरला १३ मिमी वगैरे जी सूट देतो ती घन झाल्यानंतरच्या आकसण्याची. पॅटर्न मोठा केला म्हणून आतली पोकळी जात नाही, तिचा याच्याशी काही संबंध नाही.)

आता आमचं काय झालं. पाऊस होता, हवेत ओल होती, म्हणून सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं की हायड्रोजनच. मीही तेच धरलं. डिगॅसिंगची वेळ वाढवली, नायट्रोजनचे सिलिंडर जास्त मागवले, इंगॉट गरम करून टाकायला लागलो, आणि तरीही पुढच्या लॉटला तेवढेच पीस फेल. पॅटर्न शॉपमधल्या एका जुन्या काकांनी मला विचारलं, "अरे, पीस कापून बघितलास का?" मी नव्हता बघितला. फक्त बोअरच्या आत बॅटरी मारून काळे ठिपके बघितले होते.

बॉसच्या बरोबर मधून उभा कापला, पेपर मारला, डाय पेनिट्रंट लावलं, तर बॉसच्या मध्यभागी, प्लेटच्या थोडं वर, लाल डाग उठला साधारण सुपारीएवढा आणि त्याच्या कडा फाटक्या. तीन पीस कापले, तिन्हीत तिथंच. हा गॅस नाही.

आणि दुसरा पुरावा रायझरमध्येच होता. बॉसच्या वर ५० मिमी व्यासाचा, ७५ उंचीचा रायझर होता आणि त्याचा माथा जवळजवळ सपाट. ज्या रायझरनी खाली मेटल दिलंय त्याचा माथा खचलेला असतो, मधे खड्डा पडतो. सपाट माथ्याचा रायझर म्हणजे त्यानी काही दिलंच नाही. काका म्हणाले, "हा रायझर पाजत नव्हता, हा स्वतःच पीसमधून पीत होता." नंतर हिशोब केला तेव्हा शब्दशः तेच निघालं.

एक सावधगिरी. दोन्ही आजार एकत्र असू शकतात आणि ॲल्युमिनियममध्ये बरेचदा असतात. श्रिंकेजमुळं आत दाब कमी झाला की हायड्रोजनला तिथं बाहेर पडायला सोपं जातं, मग भोकाची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी काटेरी दिसते. अशा वेळी जागा बघा: एकाच जागी असेल तर आधी फीडिंग सुधारा, पीसभर असेल तर आधी गॅस.

## २. शेवटी कोण गोठतंय ते आकड्यानी काढा

अंदाजानी रायझर मोठा करत बसू नका. १९४० साली च्वोरिनोव्ह यांनी मांडलेला साधा नियम आहे, गोठायला लागणारा वेळ हा घनफळ भागिले थंड होणारं क्षेत्रफळ, याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. या भागाकाराला मॉड्युलस म्हणतात. जाड, गोळ्यासारख्या आकाराचा मॉड्युलस जास्त आणि तो उशिरा गोठतो. पातळ, पसरट आकाराचा कमी.

आमच्या पीसचा काढू, सगळं सेंटीमीटरमध्ये.

प्लेट: घनफळ २० × २० × १.२ = ४८० घन सेमी. वरची-खालची बाजू ८०० आणि चारी कडा ९६, मिळून ८९६ चौ. सेमी. मॉड्युलस ०.५४ सेमी.

बॉस: व्यास ६, उंची ६, घनफळ १७० घन सेमी. थंड होणारी बाजू म्हणजे तळ २८, माथा २८, आणि प्लेटच्या वर निघालेल्या ४.८ सेमी उंचीची गोल भिंत ९०, एकूण १४७ चौ. सेमी. मॉड्युलस १.१५ सेमी.

म्हणजे बॉसचा मॉड्युलस प्लेटच्या दुपटीहून थोडा जास्त, आणि वेळ वर्गाच्या हिशोबानी, म्हणून प्लेटच्या साडेचार पट वेळ बॉसला लागणार. प्लेट गोठून बसली की प्लेटच्या कडेला लावलेल्या गेटमधून बॉसला एक थेंबही मिळणार नाही. त्याला स्वतःचाच रायझर पाहिजे.

इथला सापळा: मी पहिल्यांदा इथंच चुकलो. बॉसच्या माथ्यावर रायझर बसवला की तो माथा वाळूला लागत नाही, गरम मेटलला लागतो, म्हणजे तिथून उष्णता जात नाही. तेव्हा ते २८ चौ. सेमी हिशोबातून काढून टाकायचे. १७० भागिले ११९ म्हणजे १.४३ सेमी. रायझर बसवल्यामुळंच बॉस आणखी उशिरा गोठतो, ही गोष्ट लक्षात न घेता ज्यांनी रायझरचं माप काढलंय त्यांचे रायझर लहानच निघतात.

## ३. रायझरचं माप काढा

रायझर पीसनंतर गोठला पाहिजे, म्हणून त्याचा मॉड्युलस पीसच्या त्या भागापेक्षा किमान १.२ पट ठेवतात. आमच्यासाठी १.४३ × १.२ = १.७१ सेमी.

वर बसणारा गोल रायझर, उंची व्यासाच्या दीडपट, तळ मेटलला चिकटलेला, तर त्याचा मॉड्युलस येतो व्यास × ०.२१४. आता जुना रायझर तपासा: ५ × ०.२१४ = १.०७. बॉस १.४३ आणि रायझर १.०७, म्हणजे बॉसला लागतो त्याच्या जेमतेम ५६ टक्के वेळात रायझर गोठून मोकळा. त्यानंतर बॉसच्या आतलं मेटल आकसत राहिलं आणि वरून काही आलं नाही. सपाट माथा आणि सुपारीएवढी पोकळी, दोन्हीचं कारण हेच.

पाहिजे तो व्यास: १.७१ भागिले ०.२१४, म्हणजे ८ सेमी, उंची १२ सेमी. याचं घनफळ ६०३ घन सेमी, वजन १.६ किलो. पीसच मुळात १.६५ किलोचा! मी हा आकडा घेऊन गेलो तेव्हा मालक म्हणाले, "म्हणजे मी एक पीस विकायचा आणि एक परत वितळवायचा?" त्यांचं बरोबर होतं. शिवाय आमची वरची पेटी १५० मिमीची, बॉस ४८ मिमी वर येतो, त्यावर १२० चा रायझर मावतच नाही.

## ४. रायझर मोठा न करता मॉड्युलस वाढवा

तीन रस्ते आहेत.

पहिला स्लीव्ह. उष्णता अडवणाऱ्या मटेरियलची तयार नळी मोल्डमध्ये बसवायची, रायझर तिच्या आत. त्यामुळं रायझर उशिरा गोठतो, जणू तो असतो त्यापेक्षा मोठाच आहे. किती पट मोठा ते स्लीव्ह विकणाऱ्याच्या कागदावर असतं, ते मागून घ्या, तोंडी ऐकू नका. आमच्याकडच्या स्लीव्हला १.३ धरायला सांगितलं होतं. मग प्रत्यक्ष मापाचा मॉड्युलस १.७१ भागिले १.३, म्हणजे १.३२ पुरे, व्यास आला ६.१५ सेमी, मिळणारी पुढची साइज ६५ मिमी, उंची १००. वजन ०.८९ किलो. जवळजवळ निम्मं, आणि १५० च्या पेटीत ४८ अधिक १०० बरोबर बसतं.

मॉड्युलस बसला तरी अजून एक तपासणी राहते, रायझरकडं द्यायला मेटल पुरेसं आहे का. साधा वाळूतला रायझर आपल्या घनफळाच्या अंदाजे १४ टक्केच देऊ शकतो, बाकीचं त्याच्या स्वतःच्या भिंतीला चिकटून गोठतं. स्लीव्हमधला २५ टक्क्यांपर्यंत सहज देतो. आमची गरज: पीस ६१६ आणि रायझर ३३२, मिळून ९४८ घन सेमीचे साडेपाच टक्के (थोडं जास्तच धरलेलं बरं), म्हणजे ५२ घन सेमी. रायझर देणार ३३२ चा पाव भाग, ८३. चालतंय. स्लीव्ह नसती तर ४६, कमी पडलं असतं.

दुसरा रस्ता चिल. बॉसच्या तळाला, खालच्या पेटीत, बीडाचा एक तुकडा बसवायचा (आम्ही व्यास ६०, जाडी ४० चा घेतला). तो खालून उष्णता ओढून घेतो, त्यामुळं गोठणं खालून सुरू होऊन वर रायझरकडं सरकतं, आणि आपल्याला तेच पाहिजे असतं. चिल रायझरच्या जवळ कधीच लावू नका, नाहीतर रायझर आणि पीसमधला रस्ताच आधी बंद होतो. आणि पावसाळ्यात चिलची मला भीती वाटते: थंड लोखंडावर हवेतली ओल घाम आल्यासारखी धरते, गंज असेल तर आणखी वाईट, आणि मेटल पडलं की तिथंच मोठं ब्लो होल. चिल घासून, कोटिंग लावून, गरम करून बसवा आणि पेटी बंद केल्यावर लगेच ओता. सकाळी बंद करून जेवल्यानंतर ओतलेल्या पेट्यांत आम्ही हे भोगलंय.

तिसरा म्हणजे बॉसच्या मधे कोर टाकून बोअर ढाळतानाच काढायचा. जाडपणाच गेला की प्रश्न मुळातून कमी होतो. आमच्या ग्राहकाचा बोअर लहान होता, बारीक कोर चारी बाजूंनी तापून स्वतःच गरम राहतो आणि फार उपयोग होत नाही, शिवाय कोरचा गॅस वेगळा सांभाळा. म्हणून आम्ही स्लीव्ह आणि तळाला चिल असं केलं.

नेकचा सापळा: फेटलिंगची माणसं सांगतात की रायझर पीसला चिकटतो तिथं बारीक करा, कापायला सोपं पडतं. त्यांची अडचण खरी आहे, पण ती मान बॉसच्या आधी गोठली तर वरचा कितीही मोठा रायझर फुकट. ॲल्युमिनियम बँडसॉनी भराभर कापलं जातं, आम्ही बॉसच्या पूर्ण ६० मिमी माथ्यावरच बसवला, तसंही तो माथा मशिनिंगला जातो.

## ५. गेटिंग: मेटल आत कसं येतं

रायझर बदलल्यावर बॉसमधली पोकळी गेली. फेल ११ वरून ३ वर आले. पण त्या तीन पीसमध्ये लिकेज बॉसला नव्हतं, प्लेटला होतं, गेटच्या समोरच्या पट्ट्यात, आणि कापल्यावर बारीक भोकं आणि त्यांच्यामध्ये केसासारख्या काळ्या रेघा. त्या रेघा म्हणजे ऑक्साइडची कातडी. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ती क्षणात तयार होते, आणि मेटल उसळलं, आपटलं की ती घडी पडून आत जाते. घडीच्या दोन पदरांमधे हवा राहते, ते पदर एकमेकांना चिकटत नाहीत, आणि हायड्रोजनला बुडबुडा सुरू करायला आयती जागा मिळते. म्हणून गेटिंग वाईट असेल तर गॅसही जास्त असल्यासारखा दिसतो.

ॲल्युमिनियमला मोल्डमध्ये शिरताना वेग सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा जास्त नको, त्याच्यावर पृष्ठभाग फाटायला लागतो. हे किती कमी आहे बघा: मेटल फक्त १२-१३ मिमी उंचीवरून पडलं तरी एवढा वेग येतो. आपण तर १५० मिमीवरून पाडतो. म्हणजे स्प्रूमध्ये वेग येणारच, तो गेटपर्यंत कमी करायचा असतो, सगळं गेटिंग त्यासाठीच.

आमचं जुनं गेटिंग एका बीडाच्या फाउंड्रीतून आलेल्या माणसानी केलेलं होतं: सरळ २५ मिमीचा स्प्रू, आणि शेवटी एकच गेट २० बाय ८, म्हणजे १६० चौ. मिमी. सगळ्यात चिंचोळी जागा गेटच. बीडाला हे चालतं, रनर भरलेला राहतो आणि स्लॅग वर अडकतो. पण ॲल्युमिनियम त्या गेटमधून सेकंदाला साधारण १.३७ मीटर वेगानी पिचकारीसारखं आत जात होतं. मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट.

नवीन हिशोब असा. पीस, रायझर, रनर मिळून ओतायचं मेटल ३.१ किलो. द्रव ॲल्युमिनियमची घनता २.४ धरली तर १२९० घन सेमी. ओतायची वेळ ७ सेकंद ठरवली, म्हणजे सेकंदाला १८५ घन सेमी. १५ सेमी उंचीमुळं स्प्रूच्या तळाशी वेग, घर्षण वजा करून, सेकंदाला १३७ सेमी. तेव्हा स्प्रूचा तळ १.३५ चौ. सेमी, गोल धरला तर १३ मिमी व्यास. चिंचोळी जागा आता इथं, गेटवर नाही.

स्प्रू वरून खाली निमुळता पाहिजे. नळातून पडणारी धार खाली जाताना बारीक होते ना, तसंच मेटलचं होतं, आणि सरळ भोक असेल तर धार आणि भिंत यांच्यामधे मोकळी जागा राहून हवा आत ओढली जाते. आमच्या पेटीत वर ४० मिमी खोल ओतायची वाटी, तिथं स्प्रूचं तोंड १८ मिमी, तळ १३ मिमी.

पुढं रनर तळाच्या दुप्पट, म्हणजे २७० चौ. मिमी, आणि गेट मिळून चौपट, ५४० चौ. मिमी. दोन गेट केले, प्रत्येक ३४ बाय ८. १८५ भागिले ५.४ म्हणजे सेकंदाला ३४ सेमी. अर्ध्या मीटरच्या आत. गेट फक्त दुप्पट ठेवले असते (बरेच लोक ठेवतात) तर ६८ सेमी आले असते आणि मेहनत वाया.

याचाही एक सापळा आहे. जागा मोठी केली म्हणजे ती आपोआप भरते असं नाही. मेटल मोठ्या रनरच्या तळातून पातळ धारेनी पळतं आणि पहिलं थंड, घाणेरडं मेटल सरळ गेटमधून आत जातं. म्हणून स्प्रूच्या लगेच पुढं रनरमध्ये सिरॅमिक फोम फिल्टर बसवा, तो मेटलला थोपवतो आणि मागचा भाग भरून घेतो. रनर शेवटच्या गेटच्या पुढं ५०-६० मिमी वाढवून ठेवा, पहिलं मेटल तिथं जाऊन बसेल. आणि ओतणाऱ्याला समजावून सांगा की वाटी शेवटपर्यंत भरलेली पाहिजे, मधेच हात थांबला की स्प्रू हवा ओढतो. हे एक वाक्य मी रोज सकाळी सांगायचो.

आणखी एक गोष्ट, गेट खाली प्लेटला आणि रायझर वर बॉसवर, त्यामुळं सगळा मोल्ड फिरून आलेलं सगळ्यात थंड मेटल रायझरला मिळतं. स्लीव्ह असल्यानं निभावतं, तरी आम्ही मोल्ड भरत आला की लाडलमधलं थोडं गरम मेटल रायझरच्या उघड्या तोंडातून वरून हळूच द्यायचो आणि वर रायझर पावडर टाकायचो.

## ६. आता गॅसकडं या

हायड्रोजन पाण्यातून आणि तेलातून येतो. ओलं इंगॉट, तेलकट मशिनिंगचा चुरा, नीट न तापवलेलं लाडल, फ्लक्सचं उघडं राहिलेलं पोतं, आणि पावसाळ्यातली हवा. मेटल जितकं गरम तितकं जास्त पितं, म्हणून ७५० च्या वर नेऊच नका, आम्ही ७१५ च्या आसपास ओतायचो. नायट्रोजन रोटरनी डिगॅसिंग करताना वर भोवरा होत असेल तर रोटरचा वेग कमी करा, नाहीतर एका बाजूनं काढताय आणि दुसऱ्या बाजूनं हवा घुसळताय. डिगॅसिंग झालं की लगेच ओता, ओलसर हवेत मेटल पडून राहिलं की परत गॅस धरतं.

किती गॅस आहे ते मोजायला एकाच मेटलची दोन सॅम्पल घ्या, एक साध्या हवेत गोठवा आणि एक ८० मिलिबार व्हॅक्यूममध्ये. दोन्ही हवेत आणि पाण्यात बुडवून तोला. हवेतलं वजन भागिले पाण्यात घटलेलं वजन म्हणजे घनता. आमचं एकदा हवेतलं २.६५ आणि व्हॅक्यूममधलं २.५५ आलं, फरक ०.१० भागिले २.६५, म्हणजे ३.८ टक्के, याला डेन्सिटी इंडेक्स म्हणतात. डिगॅसिंगनंतर २.६५ आणि २.६१, म्हणजे दीड टक्का. लीकप्रूफ पीसला आम्ही २ च्या वर मेटल ओतत नव्हतो. हा आकडा ऑक्साइडमुळंही वाढतो, म्हणून डिगॅसिंग करूनही खाली येत नसेल तर मेटलची सफाई आणि चुऱ्याचं प्रमाण बघा, अजून नायट्रोजन सोडत बसू नका.

## ७. ट्रायल कशी घ्यायची

एका वेळी एकच बदल. रायझर, गेटिंग आणि डिगॅसिंग एकाच दिवशी बदललं तर कशानी फरक पडला ते कधीच कळणार नाही. प्रत्येक ट्रायलचे पाच पीस, त्यांच्यावर मोल्डमध्येच नंबर उठेल असं करा, टेंपरेचर, ओतायची वेळ आणि सॅम्पलची घनता त्या नंबरपुढं लिहा, आणि पाचपैकी दोन कापाच, चांगले दिसले तरी. रायझरचे माथे बघा: खड्डा पडलाय का, आणि रायझर मधोमध कापल्यावर त्याची पोकळी कुठं संपते. ती पूर्ण रायझरच्या आत संपली पाहिजे, पीसच्या रेषेपर्यंत पोचत असेल तर उंची वाढवा.

हे आकडे वाळूतल्या ॲल्युमिनियमचे आहेत. एलएम६ घेतलं तर ते १० अंशांच्या आतच गोठतं, त्याची पोकळी एका जागी गोळा होते आणि सापडायला सोपी. एलएम२५ ला साधारण ६१५ ते ५५० असा मोठा पट्टा आहे, मेटल बराच वेळ लापशीसारखं राहतं आणि बारीक विखुरलेलं श्रिंकेज राहतंच थोडं, म्हणून तिथं चिलचा फायदा जास्त. बीडामध्ये ग्रॅफाइट तयार होताना मेटल फुगतं आणि आकसण्यातला बराच भाग स्वतःच भरून काढतं, त्यामुळं हा ५ टक्क्यांचा हिशोब तिकडं लावू नका.

आमच्या कव्हरच्या शेवटच्या ट्रायलमध्ये नवीन रायझर, चिल आणि नवीन गेटिंगसकट ४० पीस काढले, ऑगस्टमध्ये, पाऊस तसाच चालू असताना. एक फेल झाला. कापला तर बॉसच्या अगदी तळाशी एकच मोठं गुळगुळीत गोल भोक, आणि नंबर बघितला तर ती पेटी जेवणाच्या सुट्टीआधी बंद करून सुट्टीनंतर ओतलेली होती.